एक मीटर, दोन बिऱ्हाडं आणि २६८ युनिटं

कराडमध्ये आमच्या गल्लीच्या टोकाला एक दुमजली घर आहे. खाली घरमालक काका-काकू, वर भाडेकरू म्हणून नर्सची नोकरी करणारी एक ताई, तिचा नवरा आणि लहान मुलगी. महावितरणचं मीटर एकच, काकांच्या नावावर. वरच्या मजल्यासाठी काकांनी बाजारातून साधं सबमीटर आणून जिन्यात बसवलंय. भाडेकरारात विजेबद्दल एकच ओळ आहे: ‘लाईट बिल मीटरप्रमाणे वेगळे.’

भांडण झालं ते या ओळीवरून. मार्च २०२५ चं बिल घेऊन आधी काका माझ्याकडे आले, मग अर्ध्या तासाने ताई. मी कर सल्लागाराचं काम करतो, त्यामुळे गल्लीत कुठलाही आकडा अडला की तो माझ्या टेबलावर येतो. दोघांनी आपापला हिशेब वहीच्या पानावर मांडून आणला होता आणि गंमत म्हणजे दोघांच्याही बेरजा-गुणाकारांत काडीची चूक नव्हती. तरी ताईच्या मते तिने ६२७ रुपये ५१ पैसे द्यायला हवे होते आणि काकांच्या मते १,२२३ रुपये १ पैसा. एवढं अंतर!

म्हणून आधी अख्खं बिल उलगडलं.

मुख्य मीटरचं मागील रीडिंग ८८४६, चालू रीडिंग ९११४. वापर २६८ युनिट. सबमीटरवर १४१२ चे १५०४ झाले होते, म्हणजे वरचा वापर ९२. उरलेले १७६ खालचे.

त्या वेळचे घरगुती दर असे होते: पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० मधल्या युनिटांना १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० ला १४ रुपये ५५ पैसे आणि त्यापुढे १६ रुपये ६४ पैसे. हा झाला वीज आकार. त्याशिवाय प्रत्येक युनिटमागे वहन आकार १ रुपया १७ पैसे, तो सगळ्या टप्प्यांना सारखाच. सिंगल फेज जोडणीचा स्थिर आकार महिन्याला १२८ रुपये, एकही युनिट जाळलं नाही तरी. आणि या सगळ्याच्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क, जे राज्य सरकारच्या तिजोरीत जातं. दर वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते बदलत राहतात. १ जुलै २०२५ पासूनही बदलले. म्हणून हा हिशेब करून पाहणाऱ्याने स्वतःच्या बिलावर छापलेले दर घ्यावेत. पद्धत तीच राहते.

बिलात इंधन समायोजन आकार नावाचा आणखी एक रकाना असतो. तो दर महिन्याला कमीजास्त होतो आणि टप्प्याटप्प्याला वेगळा असतो. इथे गुंता नको म्हणून तो शून्य धरलाय. तुमच्या बिलात असेल तर तो त्या त्या टप्प्याच्या दरात मिळवा आणि वीज शुल्क त्यानंतर लावा.

आता २६८ युनिट:

पहिले १०० × ४.७१ = ४७१.००
पुढचे १६८ × १०.२९ = १,७२८.७२
वहन आकार २६८ × १.१७ = ३१३.५६
स्थिर आकार = १२८.००
बेरीज = २,६४१.२८
वीज शुल्क १६ टक्के = ४२२.६०
चालू बिल = ३,०६३.८८

भरायचा आकडा दहाच्या पटीत येतो, इथे ३,०६०, आणि उरलेले ३ रुपये ८८ पैसे पुढच्या बिलात समायोजित होतात. वाटणी करताना मात्र ३,०६३.८८ हाच आकडा घ्यायचा, नाहीतर महिन्याच्या शेवटी दोन-चार रुपयांचा घोळ कुणाच्या तरी गळ्यात पडतो.

इथे जरा थांबतो, कारण दोन चुका मी वारंवार पाहतो. पहिली अशी, की शंभराच्या वर गेलो म्हणजे सगळीच युनिटं १० रुपये २९ पैशांनी लागली, असं लोकांना वाटतं. ताईच्या नवऱ्यालाही तसंच वाटत होतं. सगळी २६८ युनिटं वरच्या दराने धरली तर बिल ३,७११ रुपये १६ पैसे व्हायला हवं होतं. ते तसं नाही. घर कितीही वीज जाळो, त्याची पहिली शंभर युनिटं स्वस्तातच लागतात. टप्पा ओलांडला की फक्त त्यापुढचं युनिट महाग होतं. त्यामुळे ‘एकशे एकावं युनिट पडलं आणि बिल दुप्पट झालं’ असं कधीच होत नाही. १०० चं १०१ झालं तर बिल वाढतं ते १३ रुपये २९ पैशांनी.

दुसरी चूक वीज शुल्काची. पुष्कळ जण १६ टक्के फक्त वीज आकारावर काढतात. तसं केलं तर इथे ४२२.६० ऐवजी ३५१.९६ येतात आणि ७० रुपये ६४ पैशांचा फरक पडतो. मग लोक म्हणतात, बिलात काहीतरी घुसडलंय. घुसडलेलं काही नसतं. शुल्क स्थिर आकारावरही असतं आणि वहन आकारावरही. तुमचा हिशेब आणि बिल यांच्यातला फरक जर (स्थिर आकार + वहन आकार) च्या १६ टक्क्यांइतका आला, तर चूक हीच. मागची थकबाकी मात्र या बेरजेत धरायची नाही. तिच्यावरचं शुल्क तेव्हाच लागून गेलेलं असतं.

शुल्क धरून प्रत्येक टप्प्यातलं एक युनिट नेमकं कितीला पडतं, हे मी दोघांनाही वहीच्या वर लिहून दिलं: शंभरापर्यंत ६ रुपये ८२ पैसे, तीनशेपर्यंत १३ रुपये २९ पैसे, पाचशेपर्यंत १८ रुपये २४ पैसे. वरचं सगळं भांडण या तीन आकड्यांत आहे.

ताईचं म्हणणं असं: “माझी युनिटं ९२. शंभराच्या आत. मग मला पहिला दर.” ९२ ला ४.७१ आणि १.१७ मिळून ५.८८ ने गुणलं की ५४०.९६, त्यावर १६ टक्के धरले की ६२७.५१. स्थिर आकार तिने धरलाच नाही, कारण, “मी नसते तरी काकांनी तो भरलाच असता ना?”

काकांचं म्हणणं वेगळं: “ही मंडळी यायच्या आधी माझी १७६ युनिटं होती. तेव्हा बिल किती यायचं ते बघ आणि आता किती येतं ते बघ. जे वाढलं ते त्यांच्यामुळे.” १७६ युनिटांचं बिल काढलं: ४७१, अधिक ७६ युनिटांचे ७८२.०४, अधिक वहन २०५.९२, अधिक स्थिर १२८, बेरीज १,५८६.९६, शुल्क २५३.९१, एकूण १,८४०.८७. हे ३,०६३.८८ मधून वजा केलं की १,२२३.०१. म्हणजे वरची सगळी ९२ युनिटं काकांनी दुसऱ्या टप्प्यात टाकली, १३ रुपये २९ पैशांनी.

दोघांच्या हिशेबामागे एकच गोष्ट आहे, फक्त उलट्या बाजूंनी धरलेली. पहिली स्वस्त शंभर युनिटं कुणाची? ताई म्हणते माझी, काका म्हणतात माझी. मीटरला विचारलं तर त्याला माहीत नाही. स्वस्त टप्पा माणसाला मिळत नाही, जोडणीला मिळतो, आणि जोडणी एकच आहे. महिन्याच्या सुरुवातीची शंभर युनिटं स्वस्त आणि शेवटची महाग, असंही नाही. महिना संपल्यावर एकूण आकडा पाहून टप्पे पाडले जातात. तेव्हा ‘मीटरप्रमाणे वेगळे’ या करारातल्या ओळीने युनिटं वेगळी होतात, रुपये होत नाहीत.

काकांनी मग सुचवलं, सरासरी लावू. ३,०६३.८८ ला २६८ ने भागलं की युनिटमागे ११ रुपये ४३ पैसे, ९२ युनिटांचे १,०५१.७८. बहुतेक घरमालक हेच करतात. सोपं आहे, बेरीज नेमकी जुळते, आणि भाडेकरूलाही समजतं. मला मात्र त्यात एक खोट दिसते. सरासरी दर दोघांच्या मिळून वापरावर ठरतो, त्यामुळे खालच्यांनी कूलर लावला की वरच्यांचाही दर वाढतो. वरच्यांनी एक दिवाही जास्त लावला नाही तरी!

म्हणून मी दुसरी रीत मांडली: टप्पेच अर्धे करा. जोडणी एक, बिऱ्हाडं दोन, तर प्रत्येक बिऱ्हाडाला स्वस्त दरातली ५० युनिटं. स्थिर आकारही निम्मा, ६४ रुपये. ताईची ५० युनिटं ४.७१ ने २३५.५०, पुढची ४२ युनिटं १०.२९ ने ४३२.१८, वहन १०७.६४, स्थिर ६४, बेरीज ८३९.३२. शुल्क धरून ९७३ रुपये ६१ पैसे. काकांची ५० युनिटं २३५.५०, पुढची १२६ युनिटं १,२९६.५४, वहन २०५.९२, स्थिर ६४, शुल्क धरून २,०९० रुपये २७ पैसे. दोन्ही मिळून बरोबर ३,०६३.८८. काकांनी बेरीज दोनदा तपासली, ताईने मोबाईलवर एकदा, आणि मार्चचा महिना मिटला.

मी खूश होतो. मे महिन्यात माझीच रीत तोंडावर पडली.

मे मध्ये खाली कूलर दिवसरात्र सुरू होता आणि काकांचा मुलगा मुंबईहून कुटुंबासह पंधरा दिवस आला होता. मुख्य मीटरवर ३५२ युनिट, वर १०४, खाली २४८. बिल काढलं: पहिल्या शंभराचे ४७१, पुढच्या दोनशेचे २,०५८, त्यावरच्या ५२ चे ७५६.६०, वहन ४११.८४, स्थिर १२८, बेरीज ३,८२५.४४, शुल्क ६१२.०७, एकूण ४,४३७.५१.

काकांनी माझ्याच पद्धतीने टप्पे अर्धे केले. पन्नास स्वस्त, मग पुढची शंभर मधल्या दराची, आणि त्यावरची तिसऱ्या टप्प्याची. ताईचे १,१३३.१३ आले. काकांची मात्र ९८ युनिटं तिसऱ्या टप्प्यात गेली आणि ३,५३१.६९ आले. बेरीज ४,६६४.८२. बिलापेक्षा २२७ रुपये ३१ पैसे जास्त!

“हे वरचे पैसे कुणाच्या खिशात जाणार?” काकांनी विचारलं. प्रश्न बिनतोड होता.

झालं होतं असं. मधल्या टप्प्यात घराला २०० युनिटं मिळतात. ती दोघांना शंभर-शंभर वाटली. ताईने त्यातली ५४ च वापरली. तिची ४६ युनिटं शिल्लक राहिली, आणि काकांनी मात्र तेवढीच ४६ युनिटं महाग टप्प्यातली धरली. महावितरणने घराला ती मधल्या दरानेच लावली होती. दोन टप्प्यांतला फरक ४ रुपये २६ पैसे. ४६ ने गुणून १६ टक्के शुल्क लावलं की नेमके २२७.३१. मार्चमध्ये हे दिसलं नाही, कारण तेव्हा दोघांनीही आपापली स्वस्त पन्नास पूर्ण वापरली होती आणि कुणीही दीडशे-तीनशेच्या हद्दीवर नव्हतं... म्हणजे काका १७६ वर होते, मग ते दीडशेच्या वर नव्हते का? होते. वही पुन्हा काढली. मार्चला माझ्याकडूनच काकांची १२६ युनिटं मधल्या दराने लिहिली गेली होती, अर्ध्या टप्प्याच्या शंभरापेक्षा २६ जास्त. एकूण बिल तीनशेच्या आत असल्याने तिसऱ्या टप्प्याचा विचारच माझ्या डोक्यात आला नव्हता. उत्तर बरोबर आलं होतं, पण नियम मी अर्धाच सांगितला होता.

पूर्ण नियम असा: टप्पा अर्धा-अर्धा वाटायचा, पण एकाने आपला वाटा वापरला नाही तर उरलेली युनिटं त्याच टप्प्यात दुसऱ्याकडे जातात. मे मध्ये ताईची उरलेली ४६ काकांकडे गेली, त्यांची मधल्या टप्प्यातली १४६ झाली आणि तिसऱ्यात ५२ राहिली. काकांचा वीज आकार २३५.५० + १,५०२.३४ + ७५६.६० = २,४९४.४४, वहन २९०.१६, स्थिर ६४, शुल्क धरून ३,३०४.३८. ताईचे १,१३३.१३ तसेच. बेरीज ४,४३७.५१. जुळलं. वाटणी कुठल्याही रीतीने करा, दोन आकड्यांची बेरीज बिलातल्या चालू रकमेइतकी पैशापर्यंत आली पाहिजे. नाही आली तर कुठलं तरी युनिट दोनदा मोजलं गेलंय किंवा गळलंय.

सरासरी लावली असती तर मे मध्ये दर १२ रुपये ६१ पैशांवर गेला असता आणि ताईला १,३११.०८ पडले असते. म्हणजे पाहुणे काकांकडे आले आणि १७८ रुपये ताईचे गेले असते. मला सरासरी पटत नाही ती याच कारणाने. मात्र दोन्ही बिऱ्हाडांचा वापर साधारण सारखा असेल तर कीस पाडू नये, सरासरीने मोकळं व्हावं.

रीडिंगच्या तारखेचाही एक घोळ निघाला. मुख्य मीटरचं रीडिंग महिन्याच्या मध्यावर होतं आणि काका सबमीटर पाहायचे एक तारखेला, भाडं घेताना. दोन वेगळ्या तीस दिवसांचे आकडे एकमेकांतून वजा व्हायचे. थंडीत चालून जातं. पण उन्हाळा लागताना पंधरा दिवसांत वापर चढतो आणि वरच्यांचा चढलेला वापर खालच्यांच्या नावावर लागतो, पुढच्या महिन्यात उलटा. आता बिलावर मीटरच्या रीडिंगची तारीख असते ती पाहून, त्याच दिवशीचा सबमीटरचा फोटो ताई काकांना मोबाईलवर पाठवते. नेमका दिवस आधी कळत नाही म्हणून ती त्या आठवड्यात रोज एक फोटो काढून ठेवते. नर्सची सवय, रोजची नोंद चुकत नाही.

हे सगळं झाल्यावर मी तिला खरा उपाय सांगितला: स्वतंत्र जोडणी. वरचं बिऱ्हाड खरोखर वेगळं आहे, स्वयंपाकघर वेगळं, करार नोंदवलेला, तेव्हा घरमालकाची संमती घेऊन अर्ज करता येतो. एकाच कुटुंबाने स्वस्त टप्पा दोनदा मिळवायला दुसरं मीटर मागणं ही वेगळी गोष्ट, त्यात मी पडत नाही. मार्चच्या आकड्यांवर पाहिलं तर वेगळ्या मीटरवर ताईचं बिल ७७५.९९ आलं असतं, आता पूर्ण १२८ स्थिर आकार तिचा तिने भरून. काकांचं १,८४०.८७. दोन्ही मिळून २,६१६.८६. एकत्र बिलापेक्षा ४४७ रुपये कमी, आणि हे एका साध्या महिन्यात. वरची ९२ युनिटं १०.२९ ऐवजी ४.७१ ने लागली, युनिटमागे ५ रुपये ५८ पैसे वाचले, त्यातून जादा स्थिर आकार गेला. १२८ ला ५.५८ ने भागलं की कळतं, वरच्या मजल्यावर महिन्याला २३ युनिटं जरी जळत असतील तरी दुसरा स्थिर आकार वसूल होतो. अट एवढीच, की ती युनिटं सध्या घराच्या दुसऱ्या टप्प्यात पडत असली पाहिजेत. सुरुवातीची अनामत आणि जोडणीचा खर्च यात धरलेला नाही. तो निघायला काही महिने जातात, म्हणून वर्षभरात घर सोडणाऱ्या भाडेकरूने या फंदात पडू नये.

काका आधी बिचकले. “मीटर तिच्या नावावर झालं तर उद्या घरावर हक्क सांगेल.” मग अर्ज काकांच्याच नावाने, वरच्या मजल्यासाठी करायचं ठरलं आणि ते शांत झाले. ताईच्या नावाने झाला असता तरी वीजबिल म्हणजे सातबारा नव्हे, हे मी सांगून पाहिलं, पण त्यांना ते पटलं असेल असं वाटत नाही.

अर्ज गेलाय. नवं मीटर येईपर्यंत वाटणी कॅलेंडरच्या मागच्या पानावर सुरू आहे. आता नवा वाद पाण्याच्या मोटारीचा. मोटार खालच्या लाईनवर, पाणी दोघांना. रोज अर्धा तास चालते, किलोवॅटभर वीज ओढते, म्हणजे महिन्याला पंधराएक युनिटं, आणि ती काकांच्या सर्वांत महाग टप्प्यात पडतात. मार्चच्या दराने दोनशे रुपये, मे च्या दराने पावणेतीनशे. निम्मे मागावेत का, हे काका मला विचारून गेलेत. ताईला अजून विचारलेलं नाही.